दोनशे तास : पिकलेल्या नाळेपासून गुडघ्यातल्या पुवापर्यंत

श्रावणातला पाऊस, सांगली-कोल्हापूरकडचा सहा जनावरांचा गोठा, दुसऱ्यांदा व्यालेली संकरित गाय आणि तीस किलोची कालवड. नाळेतून सांध्यात गेलेला संसर्ग ज्या वाटेनं जातो, ती वाट जवळजवळ प्रत्येक वासरात सारखीच असते. त्यामुळे अनेक गोठ्यांतलं पाहिलेलं इथे एकाच कालवडीच्या नावावर मांडलं आहे. मोजणी उलटी आहे : गुडघ्यात सुई जाईपर्यंत किती तास उरले, अशी.

मंगळवार, पहाटे २.०० — २०० तास बाकी

गाय उभ्यानं व्याली. वासरू खाली आलं आणि नाळ आपोआप तुटली. ही तुटण्याची पद्धत निसर्गानं विचारानं केलेली आहे. नाळेतल्या दोन रोहिण्या ताण बसताच आखडून पोटात मागे सरकतात आणि मूत्राशयाकडून येणारी नळीही आत ओढली जाते. बाहेर लोंबत राहते ती ओली, पातळ पिशवी आणि तिच्यातली शीर. ही शीर आत थेट यकृताकडे जाते, आणि तिचं तोंड अजून बंद झालेलं नाही.

कालवड पडली ती दावणीच्या मागच्या बाजूला, जिथे दिवसभराचं शेण-मूत साचतं. पाचट अंथरलेलं होतं, पण तीन दिवसांपूर्वीचं. पाचट वरून कोरडं दिसतं. गुडघे टेकवून अर्धं मिनिट बसावं. कपडा ओला झाला, तर वासराची नाळही तिथे ओलीच राहणार. कालवड उठायला धडपडली, चार वेळा पडली, आणि दर वेळी वीतभर लांबीची नाळ त्या चिखलात लोळली.

पहाटे ३.०० — १९९ तास

मालकांच्या मुलानं फडताळातली आयोडीनची बाटली काढली. मागच्या वर्षीची, झाकण सैल, औषधाचा रंग उतरलेला. कापसाचा बोळा भिजवून त्यानं नाळेच्या टोकाला लावला. मनात आलं आणि केलं, हे महत्त्वाचंच. पण नाळेचं टोक पुसणं आणि नाळ बुडवणं यांत फार अंतर आहे.

बुडवायची म्हणजे अशी. रुंद तोंडाच्या छोट्या कपात तीस-चाळीस मिली ताजं औषध घ्यायचं. सात टक्क्यांचं तिंचर आयोडीन मिळालं तर उत्तम, कारण त्यातलं अल्कोहोल नाळ सुकवतंही. ते नसेल तर दहा टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन. वासरू उभं असताना कप खालून वर नेऊन पोटाच्या कातडीला टेकवायचा, म्हणजे नाळेचं मूळसुद्धा औषधात जातं, आणि तीसेक सेकंद तसाच धरायचा. फवाऱ्यानं एकच बाजू भिजते. उरलेलं औषध फेकून द्यायचं. एका वासराचा कप दुसऱ्याला लावला, तर पहिल्याची घाण दुसऱ्याच्या नाळेत जाते. नाळ जमिनीला लागण्याइतकी लांब असेल, तर पोटापासून दोन बोटं सोडून उकळलेल्या दोऱ्यानं बांधावी, त्याखाली स्वच्छ कात्रीनं कापावी आणि मग बुडवावी. ओढून तोडू नये. दूध काढल्यावर सडांना लावायचं औषध इथे वापरू नये. त्यात कातडी मऊ ठेवणारे घटक असतात आणि आपल्याला तर नाळ कोरडी करायची आहे.

सकाळी ८.०० — १९४ तास

कालवडीनं अजून चीक प्यायलेला नाही. “वार पडू दे, मग पाजू,” असं आजींनी सांगितलं आणि घरात कुणी त्यांच्या शब्दाबाहेर नाही. या एका समजुतीवर मी जितका बोललो आहे, तितका दुसऱ्या कशावरही बोललो नसेन. वार आणि चीक यांचा काही संबंध नाही. उलट वासरू लुचू लागलं की गर्भाशय आकुंचन पावतं आणि वार पडायला मदतच होते.

गाईच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं वासराच्या रक्तात जात नाहीत. वासरू जवळजवळ रिकाम्या हातानं जन्माला येतं आणि त्याचं सगळं संरक्षण चिकात असतं. ती द्रव्यं आतड्यातून अख्खी रक्तात उतरण्याची सोय पहिल्या काही तासांतच सर्वांत चांगली असते. मग ती दर तासाला कमी होत जाते आणि चोवीस तासांच्या सुमारास संपते. तीस किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांत तीन लिटरच्या आसपास चीक हवा आणि बारा तासांच्या आत आणखी दीड-दोन लिटर. या कालवडीला साडेनऊला, वार पडल्यावर, लिटरभर मिळाला. बाकीचा खरवसासाठी शेजारी गेला.

नाळ बुडवणं हा दरवाजा बंद करण्याचा प्रयत्न आहे. जे जंतू तरीही आत शिरतात, त्यांच्याशी रक्तात लढतो तो चीक. औषध कितीही चांगलं असलं, तरी ओल्या गोठ्याची आणि न पाजलेल्या चिकाची भरपाई ते करत नाही.

बुधवार, पहाटे २.०० — १७६ तास

आतड्याचं दार आता मिटलं आहे. यापुढे पाजलेला चीक पोषण देईल, रक्तात संरक्षण पोचवणार नाही. चांगल्या कोरड्या जागी असती, तर एव्हाना नाळ आक्रसून सुकू लागली असती. ही अजून मऊ आहे, टोकाला शेण चिकटलेलं आहे. बारा तासांनी दुसऱ्यांदा आणि पुढे सुकेपर्यंत रोज बुडवायची, हे कुणी केलं नाही.

शुक्रवार, सकाळी ८.०० — १२२ तास

नाळ अंगठ्याहून जाड झाली आहे. मुळाशी धरलं की गरम लागते आणि कालवड पोट आक्रसून मागे सरकते. थोडा वास येतो. दूध मात्र ती पिते, शेपटी हलवते, म्हणून घरच्यांना काळजी वाटली नाही. आजींनी तेल-हळदीचा लेप लावून वर फडकं बांधलं. हळदीला मी नावं ठेवत नाही, पण तेलानं आणि फडक्यानं नाळ झाकली गेली, आतली ओल तिथेच राहिली.

या वयात बेंबीपाशी दिसणारी प्रत्येक गाठ म्हणजे पूच असं नाही. हर्नियाची गाठ मऊ असते, दुखत नाही, वासराला आडवं करून दाबली की आत जाते आणि बोटांना गोल भोक लागतं. पिकलेली बेंबी गरम, टणक आणि दुखरी असते. शंका असेल तर चिरा देण्याआधी सुईनं तपासावं लागतं, कारण गाठीत आतडंही असू शकतं.

आज डॉक्टर आले असते, तर बेंबी साफ करून प्रतिजैविकाचा पूर्ण कोर्स झाला असता आणि बहुधा हा घटनाक्रम इथेच थांबला असता.

रविवार, संध्याकाळी ६.०० — ६४ तास

फडकं सोडलं, तर बेंबी सुकलेली! वर काळी खपली. सगळ्यांना बरं वाटलं, आणि सगळ्यात फसवणारा दिवस हाच आहे. खपली बाहेरून धरली, पण आतल्या शिरेत पू आहे. बाहेर काहीही न दिसता आत दुखणं चालू राहतं, असंही पुष्कळदा होतं. म्हणून बेंबी नुसती पाहून भागत नाही. वासरू आडवं करून दोन्ही हातांची बोटं पोटात हळूच दाबत बेंबीपासून पुढे यकृताच्या दिशेनं आणि मागे मूत्राशयाच्या दिशेनं चाचपावं लागतं. पुढे बोटासारखी कडक दोरी लागली, तर शीर पिकली आहे. मागे लागली, तर रोहिणी किंवा मूत्राची नळी.

कालवड सांगत होती, पण फार हळू आवाजात. रोज पाच मिनिटांत संपणारं दूध आज वीस मिनिटं चाललं. पाठीला किंचित कमान. थर्मामीटर लावला असता, तर १०४ दिसला असता. वासराचं नेहमीचं तापमान १०१.५ ते १०२.५ फॅरेनहाइटच्या आसपास असतं. थर्मामीटर गोठ्यात नव्हता.

शिरेतले जंतू आता रक्तात सुटले आहेत. सांध्यांच्या आतल्या अस्तरात बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. जंतू तिथे अडकतात आणि वंगणाच्या पाण्यात उतरतात.

सोमवार, रात्री ९.०० — ३७ तास

उठताना कालवड पुढचा डावा पाय वाकवायला कचरते. उठल्यावर पाच-सहा पावलं ताठ टाकते, मग सुरळीत चालते. “गाईनं पाय दिला असेल,” मालक म्हणाले. “पण आबा, सूज तर नाही,” मुलगा म्हणाला. त्याचं निरीक्षण बरोबर होतं. सूज डोळ्याला दिसण्याआधी हाताला कळते : दोन्ही गुडघ्यांवर एकाच वेळी तळवे ठेवायचे. एक गरम आणि किंचित फुगीर लागला, की पुरे. महिन्याच्या आतलं वासरू लंगडलं आणि सांधा गरम लागला, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो नाळेतून आलेला संसर्गच समजावा.

मंगळवार, दुपारी २.०० — २० तास

गुडघा आता सगळ्यांना दिसतो. मलम चोळून शेक दिला आणि दुकानातून सूज उतरवणारं स्टेरॉईडचं इंजेक्शन आणून टोचलं. रात्री कालवड बरी चालली. दुखणं दबलं, तशी शरीराची जंतूंशी लढण्याची ताकदही दबली. सांध्याच्या आत पांढऱ्या पेशींतून आणि जंतूंमधून सुटणारी पाचक द्रव्यं कूर्चा खात होती. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. गेलेली कूर्चा पहिल्यासारखी भरून येत नाही.

बुधवार, सकाळी १०.०० — शून्य

डॉक्टरांनी केस काढून, कातडी तीन वेळा धुऊन गुडघ्यात सुई घातली. निरोगी सांध्यातलं पाणी फिकट पिवळं, पारदर्शक असतं आणि बोटांत धरलं की त्याची तार निघते. सिरिंजमध्ये आलं ते गढूळ, पातळ, पांढरे गठ्ठे तरंगणारं. मागच्या उजव्या पायाचा टाचेवरचा सांधाही भरलेला निघाला.

“साहेब, आता इंजेक्शननं भागेल ना?” आबांनी विचारलं.

नुसत्या इंजेक्शननं भागत नव्हतं. एका बाजूनं सुई घालून निर्जंतुक सलाईन आत सोडायचं, दुसऱ्या सुईनं बाहेर काढायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. दोन्ही सांध्यांना, आणि गरजेनुसार पुन्हा. सोबत तीन आठवडे प्रतिजैविक आणि वेदनाशामक, स्टेरॉईड बंद. पू तपासणीला पाठवला, म्हणजे कोणतं औषध लागू पडतं ते कळेल. एकच सांधा असता आणि पहिल्या दिवशी धुतला असता, तर आशा पुष्कळ होती. दोन सांधे आणि तिसरा दिवस म्हटल्यावर ती निम्म्यावर आली.

आणि मूळ बेंबीत होतं. सोनोग्राफीत शीर जाड दिसली, पण पू यकृतापर्यंत पोचलेला नव्हता. ती शीर शस्त्रक्रियेनं काढावी लागणार होती, कारण आत पू राहिला तर धुतलेले सांधे पुन्हा भरतात. मागच्या सांध्याची सूज महिन्याभरात उतरली. पुढचा गुडघा मात्र अर्धाच वाकतो. कालवड उठताना आधी मागचे पाय उचलते आणि डावा पाय बाजूला ताठ ठेवून बाकीचं वजन उजव्यावर घेते. गाभण राहिली तर तिचं पोटाचं वजन तो पाय पेलेल का, हे दीड-दोन वर्षांनी कळेल.