लॅपटॉपची स्क्रीन फडफडतेय, रंगीत रेषा दिसतायत? 'डिस्प्ले गेला' म्हणण्याआधी या चार गोष्टी तपासा

लॅपटॉप उघडला आणि स्क्रीन थरथरायला लागली. किंवा मधोमध एक हिरवी उभी रेषा आली आणि जायचं नावच घेईना. अशा वेळी आपण लॅपटॉप उचलून दुकानात नेतो. काउंटरपलीकडून दोन मिनिटांत उत्तर येतं, "डिस्प्ले गेलाय, बदलावा लागेल."

कधीकधी ते खरंही असतं. पण स्क्रीन फडफडण्यामागे तीन वेगवेगळी कारणं असू शकतात. एक म्हणजे सैल झालेली किंवा घासलेली केबल, दुसरं चुकीचं सेटिंग किंवा ड्रायव्हर आणि तिसरं खुद्द पॅनल. तिन्हींचा खर्च वेगळा आहे. सेटिंग बदलायला काहीच पैसे लागत नाहीत, केबल तुलनेने स्वस्त असते आणि पॅनल हा सगळ्यात महागडा पर्याय. त्यामुळे नेमकं काय बिघडलंय हे घरच्या घरी ओळखता आलं तर फायदा आपलाच आहे.

माझ्यावर हीच वेळ आली होती. तीन वर्षं वापरलेल्या माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर अधूनमधून गुलाबी आडव्या रेषा यायच्या आणि चित्र थरथरायचं. एका दुकानात नवीन पॅनलसाठी साडेसहा हजार रुपये सांगितले. शेवटी काम बाराशे रुपयांत झालं. ते कसं, हे पुढे येईलच.

आधी समजून घेऊ, चित्र स्क्रीनपर्यंत येतं कसं?

लॅपटॉपच्या आत ग्राफिक्स चिप चित्र तयार करते. ते चित्र एका बारीक केबलमधून स्क्रीनकडे जातं. ही केबल मदरबोर्डवरून निघते, बिजागरीजवळून वर चढते आणि पॅनलच्या मागे, खालच्या बाजूला एका छोट्या कनेक्टरमध्ये बसते. तिथून पुढे पॅनलच्या काठावरच्या छोट्या चिप्स प्रत्येक ओळीला आणि प्रत्येक स्तंभाला सिग्नल देतात.

म्हणजे रस्ता असा आहे: ग्राफिक्स चिप, मग केबल, मग पॅनल. आपल्याला फक्त एवढंच शोधायचंय की या रस्त्यावर चित्र नेमकं कुठे बिघडतंय.

तपासणी १ : स्क्रीनशॉट काढा

रेषा दिसत असताना स्क्रीनशॉट काढा आणि तो स्वतःला व्हॉट्सअ‍ॅप करून मोबाइलवर उघडा. लॅपटॉपवरच पाहिलात तर उपयोग नाही, कारण रेषा तिथे दिसणारच.

स्क्रीनशॉट हा केबलच्या आधी, ग्राफिक्सच्या मेमरीतून घेतला जातो. त्यामुळे मोबाइलवर उघडलेल्या फोटोतही रेषा असतील तर दोष ग्राफिक्स चिपमध्ये, ड्रायव्हरमध्ये किंवा एखाद्या अ‍ॅपमध्ये आहे. अशा वेळी पॅनल बदलून काहीही होणार नाही. फोटो स्वच्छ असेल तर संशय पुढच्या रस्त्यावर, म्हणजे केबल आणि पॅनलवर जातो. रिफ्रेश सेटिंगची गडबडही स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही, म्हणून इथे थांबू नका.

एक गोष्ट मात्र टाळा. मोबाइलने स्क्रीनचा व्हिडिओ काढून तो पुरावा म्हणून दाखवू नका. मोबाइलचा कॅमेरा आणि स्क्रीन यांचा वेग जुळत नसला की चांगल्या स्क्रीनवरही व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. डोळ्यांना दिसतंय का, हे महत्त्वाचं.

तपासणी २ : विंडोज सुरू होण्याआधीची स्क्रीन पाहा

लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करा आणि कंपनीचा लोगो येताच BIOS उघडा. त्यासाठी कंपनीनुसार F2, F10, Esc किंवा Delete ही बटणं असतात. तिथे काहीही बदलू नका, फक्त पाच-दहा मिनिटं स्क्रीनकडे पाहत राहा.

या टप्प्यावर विंडोजही सुरू झालेलं नसतं आणि त्याचा ड्रायव्हरही. त्यामुळे इथेही स्क्रीन फडफडत असेल तर दोष हार्डवेअरचा आहे. इथे चित्र अगदी स्थिर असेल आणि विंडोज आल्यावरच त्रास सुरू होत असेल, तर सेटिंग किंवा ड्रायव्हरवर संशय घ्या.

तपासणी ३ : स्क्रीन हळूहळू मागे-पुढे करा

सगळ्यात जास्त काही सांगून जाणारी तपासणी हीच. लॅपटॉप टेबलवर ठेवा, स्क्रीन वरच्या काठाला मधोमध धरा आणि अगदी सावकाश मागे-पुढे करा. झटके देऊ नका.

एका कोनात चित्र स्वच्छ, दुसऱ्या कोनात रेषा किंवा काळी स्क्रीन, असं होत असेल तर तो केबलचा दोष असण्याची शक्यता खूप मोठी आहे. स्क्रीन दर वेळी उघड-बंद करताना बिजागरीजवळ केबल वळते. काही वर्षांनी ती तिथे घासते, चिमटते किंवा कनेक्टरमधून किंचित बाहेर येते. केबलच्या दोषाची आणखी एक खूण म्हणजे त्यात एकसारखेपणा नसतो. रेषा जागा बदलतात, रंग बदलतात, कधी पूर्ण पडदा गुलाबी किंवा हिरवट होतो आणि मग आपोआप सगळं ठीक होतं.

तपासणी ४ : टीव्ही जोडा

एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला किंवा दुसऱ्या मॉनिटरला जोडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आणि लॅपटॉपवर रेषा असतील तर ग्राफिक्स चिप सहसा सुटली. दोन्हीकडे सारखाच त्रास असेल तर दोष चिप किंवा ड्रायव्हरकडे आहे.

त्रास फक्त टीव्हीवरच असेल, म्हणजे मधेच दोन सेकंद काळं होणं किंवा चमकते ठिपके, तर आधी ती एचडीएमआय केबल बदलून पाहा. जुनी केबल फोर-केचं चित्र ६० हर्ट्झवर नीट पेलू शकत नाही. सेटिंगमध्ये ३० हर्ट्झ केल्यावर त्रास थांबला, तर केबलच कमी पडत होती हे नक्की.

सेटिंगचा दोष कसा ओळखायचा?

रिफ्रेश रेट म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा नवीन चित्र दाखवते तो आकडा. साध्या लॅपटॉपमध्ये तो ६० हर्ट्झ असतो, गेमिंगच्या लॅपटॉपमध्ये १४४ किंवा त्याहून जास्त. अनेक लॅपटॉप बॅटरी वाचवण्यासाठी हा आकडा आपोआप कमी-जास्त करतात.

त्यामुळे चार्जर लावताना किंवा काढताना स्क्रीन एकदाच क्षणभर काळी होत असेल तर घाबरू नका. तो दोष नाही, रेट बदलतोय. पण स्क्रीन कोणत्याही कोनात सारखीच लुकलुकत असेल, BIOS मध्ये ठीक असेल आणि स्क्रीनवर रेषा नसून फक्त प्रकाश कमी-जास्त होत असेल, तर विंडोज ११ मध्ये इथे जा:

```
Settings > System > Display > Advanced display
```

तिथे `Dynamic refresh rate` असेल तर ते बंद करा आणि एक ठरावीक आकडा निवडा, उदाहरणार्थ ६०. फरक पडला नाही तर `Ctrl + Shift + Esc` दाबून टास्क मॅनेजर उघडा. बाकी स्क्रीन फडफडतेय पण टास्क मॅनेजरची खिडकी स्थिर आहे, तर दोष एखाद्या अ‍ॅपचा. टास्क मॅनेजरही फडफडत असेल तर डिस्प्ले ड्रायव्हरचा. मग ड्रायव्हर अपडेट करा. त्रास अपडेटनंतरच सुरू झाला असेल तर आधीच्या ड्रायव्हरवर परत जा.

पॅनल खरंच गेलंय हे कधी समजायचं?

पॅनलचा दोष केबलच्या अगदी उलट वागतो. तो एका जागी ठाम असतो. वरपासून खालपर्यंत एक सरळ, केसासारखी बारीक रेषा, कायम त्याच जागी, त्याच रंगाची. स्क्रीन कितीही हलवा, ती हलत नाही. BIOS मध्ये ती दिसते, स्क्रीनशॉटमध्ये आणि टीव्हीवर दिसत नाही. अशी रेषा बहुतेक वेळा पॅनलच्या काठावरचा सूक्ष्म जोड सुटल्यामुळे येते आणि तो जोड साध्या दुकानात दुरुस्त होत नाही.

शाई सांडल्यासारखा काळा डाग आणि त्यातून निघणाऱ्या रेषा असतील तर आतली काच फुटली आहे. तिथे वेगळ्या तपासणीची गरजच नाही.

इथे एक फसवी जागा आहे. पॅनलच्या कडेला दाबल्यावर रेषा जाते, म्हणून काही जण केबल सैल आहे असं समजतात. पण दाबल्यामुळे पॅनलचा सुटलेला जोडही क्षणभर चिकटतो. त्यामुळे दाबून पाहण्यापेक्षा कोन बदलून पाहणं जास्त भरवशाचं. आणि दाबल्याने काच फुटू शकते, ते वेगळंच.

मोबाइलवरच्या हिरव्या रेषेलाही स्क्रीनशॉटची तपासणी लागू पडते. फोटो दुसऱ्या फोनवर स्वच्छ दिसला आणि रेषा कायम एकाच जागी असेल, तर फोन रीसेट करून ती जाणार नाही.

मग माझ्या लॅपटॉपचं काय झालं?

स्क्रीनशॉट स्वच्छ आला. BIOS मध्ये रेषा दिसल्या, म्हणजे विंडोजचा प्रश्न नव्हता. टीव्हीवर तासभर सिनेमा पाहिला, काहीच झालं नाही. आणि स्क्रीन काटकोनात ठेवली की चित्र ठीक, थोडी मागे झुकवली की गुलाबी रेषा. चारही उत्तरं केबलकडे बोट दाखवत होती.

दुसऱ्या दुकानात मी हेच सांगितलं. तिथल्या दादांनी आधी बॅटरी सोडवली, स्क्रीनची चौकट काढली आणि केबल कनेक्टरमध्ये नीट बसवून पाहिली. दोन मिनिटं बरं वाटलं, मग पुन्हा तेच. उजव्या बिजागरीजवळ केबलचं वरचं आवरण घासून आतल्या तारा दिसत होत्या. केबल बदलली आणि त्रास थांबला.

त्याआधी दीड महिना मी स्क्रीन "बऱ्या कोनात" ठेवून काम चालवत होते. ते चुकलंच. घासलेल्या तारा एकमेकींना टेकल्या तर मदरबोर्डवरचा बॅकलाइटचा फ्यूज उडू शकतो आणि मग बाराशेचं काम बरंच वाढतं.

दुकानात गेल्यावर काय सांगाल?

चारही तपासण्यांची उत्तरं लिहून न्या. केबलवर संशय असेल तर "आधी केबल काढून पुन्हा बसवून पाहा" असं स्पष्ट सांगा. पॅनल बदलायचंच ठरलं, तर जुन्या पॅनलच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर नव्याशी जुळतोय ना, हे बघा. कनेक्टरला ३० पिन आहेत की ४०, तेही तपासून घ्या, कारण एकाच आकाराची दोन पॅनलं एकमेकांच्या जागी चालतीलच असं नाही. आणि लॅपटॉप वॉरंटीत असेल तर स्वतः किंवा बाहेर उघडण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.