एमआरआय मानेचा, गाठ थायरॉइडची: रिपोर्टमधल्या ‘सहज दिसलेल्या’ गाठीचं करायचं काय?

मान दुखते म्हणून एमआरआय काढला जातो. रिपोर्टमध्ये मणक्याबद्दल दोन-तीन ओळी असतात आणि शेवटी भलतीच एक ओळ येते: ‘थायरॉइडच्या उजव्या भागात १६ मिमीची गाठ. सोनोग्राफी करून पाहावी.’ मानदुखी बाजूला राहते. घरात त्या एका ओळीचीच चर्चा सुरू होते आणि इंटरनेटवर ‘नोड्यूल’ शोधलं की पहिल्या पानावर ‘कॅन्सर’ दिसतो.

ज्या कारणासाठी तपासणी केली, त्याच्याशी संबंध नसलेली गोष्ट स्कॅनमध्ये दिसली, तर डॉक्टर तिला ‘इन्सिडेंटल फाइंडिंग’ म्हणतात, म्हणजे सहज, अनपेक्षितपणे दिसलेली गोष्ट. किडनी, लिव्हर, फुप्फुस अशा कुठल्याही अवयवात असं काही दिसू शकतं. थायरॉइडच्या गाठी त्यात फार नेहमीच्या आहेत आणि त्यांच्याबाबत पुढचा निर्णय कसा घ्यायचा, याची पद्धतही चांगली ठरलेली आहे.

अशा गाठी किती जणांना असतात?

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला असलेली, फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. कसलाही त्रास नसलेल्या प्रौढांच्या गळ्याची सोनोग्राफी केली, तर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या थायरॉइडमध्ये एखादी तरी गाठ सापडते. वय वाढतं तसं हे प्रमाण वाढतं आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये ते जास्त असतं. यातल्या बहुतेक गाठी हाताला लागत नाहीत आणि आयुष्यभर कसलाही त्रास देत नाहीत. काही गाठी म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशव्या, म्हणजेच सिस्ट असतात. काही भरीव असतात. त्यातल्या थोड्याच गाठी कर्करोगाच्या निघतात.

या थोड्या गाठींमध्येही बहुतेक वेळा पॅपिलरी नावाचा, सहसा फार हळू वाढणारा कर्करोग असतो. त्यामुळे प्रश्न फक्त ‘कर्करोग आहे का’ एवढाच नसतो. ‘असलाच, तर तो आत्ता शोधून काढल्याने माणसाचा फायदा होईल का’ हेही पाहावं लागतं.

सगळ्या गाठी शोधून काढल्या तर?

याचं उत्तर दक्षिण कोरियात मिळालं. तिथे १९९९मध्ये सरकारने कर्करोग तपासणीची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. थायरॉइडची तपासणी त्यात नव्हती. पण बाकीच्या तपासण्यांसाठी लोक दवाखान्यात आलेलेच असायचे, आणि थोडे जास्त पैसे भरले की गळ्याची सोनोग्राफीही करून मिळायची. अनेकांनी ती करून घेतली. २०११पर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण १९९३च्या तुलनेत १५ पट झालं.

मात्र थायरॉइड कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. म्हणजे सापडलेले बहुतेक कर्करोग असे होते, की ते सापडले नसते तरी त्या माणसाला काही झालं नसतं. निदान झालेल्या जवळपास सगळ्यांची शस्त्रक्रिया झाली. पूर्ण थायरॉइड काढलेल्यांना आयुष्यभर रोजची गोळी लागली. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ११ टक्के लोकांमध्ये शरीरातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या शेजारच्या ग्रंथींचं काम बिघडलं, तर सुमारे २ टक्के लोकांच्या स्वरयंत्राच्या नसेला इजा झाली. २०१४मध्ये काही डॉक्टरांनी जाहीरपणे ही तपासणी थांबवण्याचं आवाहन केलं, आणि वर्षभरात तिथल्या थायरॉइड शस्त्रक्रिया सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्या.

अमेरिकेतल्या प्रतिबंधक तपासण्यांविषयीच्या सरकारी तज्ज्ञगटानेही २०१७मध्ये हाच सल्ला दिला, की लक्षणं नसलेल्या प्रौढांनी थायरॉइड कर्करोगासाठी तपासणी करू नये. पण दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये गाठ दिसलीच असेल, तर तिचं काय करायचं हे ठरवावंच लागतं.

पहिला टप्पा: सोनोग्राफी करायची का?

एमआरआय किंवा सीटी स्कॅनमध्ये थायरॉइडची गाठ दिसते, पण ती कशा प्रकारची आहे हे नीट कळत नाही. त्यासाठी सोनोग्राफीच लागते. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या नियमानुसार, गाठीत संशयास्पद काही दिसत नसेल, तर ३५ वर्षांखालच्या व्यक्तीत ती १ सेंमी किंवा त्याहून मोठी असल्यास, आणि ३५ किंवा त्याहून जास्त वयाच्या व्यक्तीत दीड सेंमी किंवा त्याहून मोठी असल्यास सोनोग्राफी करतात. त्याहून लहान गाठीसाठी सहसा काहीच करावं लागत नाही.

सुरुवातीच्या उदाहरणातली व्यक्ती ४६ वर्षांची शिक्षिका आहे, असं समजू. गाठ १६ मिमीची आहे, म्हणजे मर्यादेच्या थोडी वर. म्हणून सोनोग्राफी योग्य ठरते. सोबत रक्तातल्या टीएसएचची तपासणीही करतात. टीएसएच कमी आलं, तर ती गाठ स्वतःच जास्त हार्मोन तयार करत असण्याची शक्यता असते. अशा गाठी क्वचितच कर्करोगाच्या असतात आणि त्यांच्या तपासणीचा मार्ग वेगळा आहे. या शिक्षिकेचं टीएसएच नॉर्मल आलं.

दुसरा टप्पा: गाठीला गुण देणं

सोनोग्राफीत गाठीच्या पाच गोष्टी पाहून गुण दिले जातात. या पद्धतीला ‘टायरॅड्स’ म्हणतात.

- आत काय आहे? द्रव किंवा स्पंजासारखी रचना असेल तर ०, थोडा द्रव आणि थोडा भरीव भाग असेल तर १, भरीव असेल तर २.
- पडद्यावर किती गडद दिसते? पूर्ण द्रव असेल तर ०. आजूबाजूच्या थायरॉइडइतकीच किंवा त्याहून उजळ दिसली तर १, गडद (रिपोर्टच्या भाषेत ‘हायपोएकोइक’) दिसली तर २, फारच गडद दिसली तर ३.
- आकार कसा? आडवी पसरलेली असेल तर ०. रुंदीपेक्षा उंची जास्त असेल तर ३.
- कडा कशा? गुळगुळीत किंवा अस्पष्ट असतील तर ०, वेड्यावाकड्या असतील तर २, गाठ ग्रंथीबाहेर पसरलेली दिसली तर ३.
- आत पांढरे ठिपके आहेत का? नसतील तर ०. कॅल्शियमचे मोठे तुकडे असतील तर १, गाठीच्या कडेने असतील तर २, बारीक टिंबांसारखे असतील तर ३.

शिक्षिकेच्या रिपोर्टमध्ये दोन गाठी निघाल्या. डावीकडे ६ मिमीची, फक्त द्रवाने भरलेली सिस्ट होती. तिचे गुण ०, म्हणजे ‘टीआर १’. तिचा विचार तिथेच संपला. उजवीकडची गाठ भरीव (२), आजूबाजूच्या थायरॉइडइतकीच उजळ (१), आडवी, गुळगुळीत कडांची आणि ठिपके नसलेली. एकूण गुण ३, म्हणजे ‘टीआर ३’, कमी संशयाची.

तिसरा टप्पा: गुण आणि माप एकत्र पाहणं

टीआर ३ गाठ अडीच सेंमी किंवा त्याहून मोठी असेल, तर सुईने पेशी काढून तपासतात. याला एफएनएसी म्हणतात. दीड ते अडीच सेंमीच्या गाठीवर फक्त लक्ष ठेवतात. त्याहून लहान असेल तर काहीही करत नाहीत. शिक्षिकेची गाठ १.६ सेंमीची आहे. म्हणजे सुई नको, औषधही नको. फक्त १, ३ आणि ५ वर्षांनी पुन्हा सोनोग्राफी. पाच वर्षांत ती वाढली नाही, तर तपासण्या थांबवता येतात.

हीच १६ मिमीची गाठ ‘गडद’ दिसली असती, तर गुण ४ झाले असते आणि ती ‘टीआर ४’मध्ये गेली असती. तिथे दीड सेंमीपासूनच सुईची तपासणी सुचवली जाते. सात किंवा जास्त गुणांच्या ‘टीआर ५’ गाठीत ही मर्यादा १ सेंमीची आहे, आणि अर्ध्या सेंमीपासून दरवर्षी लक्ष ठेवतात. त्यामुळे ‘गाठ १६ मिमीची आहे’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. रिपोर्टमध्ये फक्त माप लिहिलं असेल आणि बाकीचं वर्णन नसेल, तर सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांकडून टायरॅड्सचा वर्ग लिहून मागावा.

‘गाठ वाढली’ असं कधी म्हणायचं?

वर्षभराने शिक्षिकेच्या गाठीचं माप १७ मिमी आलं, तर ती वाढली असं होत नाही. सोनोग्राफीत मशीन हातात धरण्याचा कोन बदलला, तरी एक-दोन मिमीचा फरक पडतो. गाठीची निदान दोन मापं प्रत्येकी २० टक्के आणि कमीत कमी २ मिमीने वाढली, किंवा तिचं घनफळ ५० टक्क्यांनी वाढलं, तरच ती खरी वाढ मानतात. म्हणून जुनी फिल्म आणि रिपोर्ट जपून ठेवावेत आणि शक्यतो त्याच केंद्रात तपासणी करावी. नव्या रिपोर्टची तुलना फक्त मागच्या रिपोर्टशी न करता सर्वांत पहिल्या मापाशीही करावी. नाहीतर दर वेळी थोडी थोडी होणारी वाढ नजरेतून सुटते.

थांबणं धोक्याचं ठरत नाही का?

जपानमधल्या कोबे शहरातल्या कुमा हॉस्पिटलने १९९३पासून याचा पाठपुरावा केला. तिथे ज्यांना १ सेंमीपर्यंतचा, कमी धोक्याचा पॅपिलरी कर्करोग असल्याचं सुईच्या तपासणीत नक्की झालं होतं, अशा रुग्णांना शस्त्रक्रियेऐवजी लक्ष ठेवण्याचा पर्याय दिला गेला. अशा १,२३५ रुग्णांच्या अभ्यासात १० वर्षांत सुमारे ८ टक्के लोकांची गाठ ३ मिमी किंवा त्याहून जास्त वाढली. सुमारे ४ टक्के लोकांच्या मानेतल्या लसिकाग्रंथींमध्ये कर्करोग पोहोचला. गरज पडली त्यांची शस्त्रक्रिया नंतर झाली. थायरॉइड कर्करोगाने यातल्या कुणाचाही मृत्यू झाला नाही.

हे नियम कुणाला लागू नाहीत?

लहान मुलं, लहानपणी मानेला रेडिएशन मिळालेल्या व्यक्ती आणि घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग झालेला असलेल्या व्यक्ती यांचा विचार वेगळा करावा लागतो. आवाज बसून तो सुधारत नसेल, गिळायला त्रास होत असेल, गाठ कडक असेल आणि काही आठवड्यांत झपाट्याने वाढली असेल, किंवा मानेत बाजूलाही गाठी लागत असतील, तर मापाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावं. पेट स्कॅनमध्ये थायरॉइडची गाठ चमकताना दिसली, तर ती लहान असली तरी सोनोग्राफी करतात, कारण अशा गाठींमध्ये कर्करोगाचं प्रमाण बरंच जास्त असतं.

यातलं काहीही नसेल, तर रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: टायरॅड्सचा वर्ग कोणता, त्या वर्गाच्या मर्यादेच्या तुलनेत गाठ किती मोठी, आणि पुढची सोनोग्राफी नेमकी कधी. उदाहरणातल्या शिक्षिकेच्या बाबतीत उत्तरं अशी आहेत: टीआर ३, सुईच्या मर्यादेहून ९ मिमीने लहान, आणि एक वर्षानंतर. ज्या दुखण्यासाठी एमआरआय काढला होता, त्या मानेचे उपचार त्यांना आजच सुरू करता येतात.