फुकट ते पौष्टिक?

'फुकट ते पौष्टिक' असं आपण गमतीने म्हणतो. क्रिप्टोच्या जगात एकदा ते अक्षरशः खरं ठरलं, आणि नंतरच्या एका मोठ्या लुबाडणुकीची पाळंमुळं त्या खऱ्या वाटपातच आहेत.

सप्टेंबर २०२० मध्ये युनिस्वॉप या टोकन-अदलाबदलीच्या व्यवस्थेने आपल्या जुन्या वापरकर्त्यांना प्रत्येकी ४०० टोकनं वाटली. साइटवर जायचं, वॉलेट जोडायचं आणि 'क्लेम' दाबायचं, की हजार डॉलरहून जास्त किमतीचा ऐवज पदरात. यात कसलीही फसवणूक नव्हती. पण लोकांच्या बोटांना सवय लागली.

११ जुलै २०२२ ला कुणीतरी ही सवय वापरली. सत्तर हजारांहून अधिक पत्त्यांवर `UniswapLP` नावाचं एक टोकन न मागता येऊन पडलं. नोंदी पाहिल्या तर पाठवणारा खुद्द युनिस्वॉप दिसत होता! गंमत अशी, की 'कोणी पाठवलं' ही नोंद त्या टोकनाचा कोडच लिहितो. पाकिटावर प्रेषक म्हणून कुणीही कलेक्टरसाहेबांचं नाव लिहावं, तसंच हे. टोकनासोबत एका साइटचं नाव होतं: तिथे जा आणि याच्या बदल्यात खरी टोकनं घ्या.

नुसतं वॉलेट जोडल्याने पैसे जात नाहीत, हे समजून घ्यायला हवं. जोडल्यावर साइटला तुमचा पत्ता आणि शिल्लक दिसते, आणि तुमच्याकडे सही मागता येते, इतकंच. घात होतो तो पुढच्या सहीत. इथे 'क्लेम' दाबल्यावर वॉलेट ज्यावर सही मागत होतं, ते होतं `setApprovalForAll`. म्हणजे त्या प्रकारची माझी सगळी मालमत्ता हलवायचा अधिकार मी अमक्याला देतो. आपल्या भाषेत कुलमुखत्यारपत्र! बाजारात विक्री सोपी व्हावी म्हणून केलेली ही सोय आहे. युनिस्वॉपमध्ये गुंतवलेल्या रकमेच्या पावत्याही याच प्रकारात मोडतात. बड्या गुंतवणूकदारांच्या पावत्या अशाच गेल्या, चोराने त्या वटवल्या आणि सुमारे ८० लाख डॉलर लंपास केले. सुरुवातीला तर युनिस्वॉपच फुटलं अशी आवई उठली होती. पण कुलूप शाबूत होतं, किल्ली मालकानेच दिली होती.

मग ओळखायचं कसं? सही करण्याआधी वॉलेटच्या खिडकीत काय लिहिलंय ते वाचा. काही द्यायला आलेल्याला तुमच्या आधीच्या मालमत्तेवर अधिकार कशाला लागतो? तिथे 'approve' किंवा `setApprovalForAll` दिसलं, की सरळ नकार द्या. चुकून सही झालीच, तर साइट 'डिसकनेक्ट' करून भागत नाही, कारण दिलेला अधिकार साखळीवर तसाच राहतो. तो थोडं शुल्क भरून वेगळा रद्द करावा लागतो. revoke.cash सारख्या ठिकाणी तो करता येतो. अर्थात त्याने उरलेलं वाचतं, गेलेलं परत येत नाही.

असो. मुखत्यारपत्रावर सही करताना आपण वकिलाला दहा प्रश्न विचारतो. इथे वकील नाही, तेव्हा प्रश्न स्वतःलाच विचारायचे.