अमली पदार्थ बाळगणे : मात्रा, जामीन आणि शिक्षा

भारतात अमली पदार्थ जवळ बाळगण्याचा गुन्हा ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’ या कायद्याखाली येतो. पोलिस ठाण्यात आणि न्यायालयात त्याला सगळे एनडीपीएसच म्हणतात. इतर बहुतेक गुन्ह्यांत आरोपीने काय केले यावर शिक्षा ठरते. इथे मात्र त्याच्याकडे किती माल मिळाला हा आकडा आधी पाहिला जातो आणि शिक्षेचा पल्ला, जामिनाची कसोटी व दोषारोपपत्राची मुदत त्या आकड्यावरून ठरते. त्यामुळे या खटल्यांतला खरा वाद अनेकदा वजनकाट्याभोवतीच फिरतो.

मुळात कायदा असा नव्हता. १९८५ साली तो आला तेव्हा हेरॉइन किंवा चरस बाळगल्यास किमान दहा वर्षे शिक्षा होती, मग माल चार ग्रॅम असो वा चार किलो. व्यसनी माणसासाठी कलम २७ मध्ये एक सवलत ठेवली होती, पण आपल्याकडचा माल थोडाच आहे आणि तो स्वतःसाठीच आहे, हे त्यालाच सिद्ध करावे लागे. १९८९ च्या दुरुस्तीने जामिनाचे कडक कलम ३७ आणले. परिणामी खिशात पुडी सापडलेला गर्दुल्ला आणि टोळी चालवणारा एकाच बराकीत वर्षानुवर्षे खटल्याची वाट पाहू लागले. हा अन्याय २००१ च्या दुरुस्तीने कमी केला. त्या वर्षीच्या २ ऑक्टोबरपासून मात्रेनुसार शिक्षेच्या पायऱ्या लागू झाल्या आणि १९ ऑक्टोबरच्या अधिसूचनेने प्रत्येक पदार्थाच्या पुढे दोन आकडे आले : एक अल्प मात्रेचा, दुसरा व्यापारी मात्रेचा.

गांजासाठी हे आकडे १ किलो आणि २० किलो आहेत. चरससाठी १०० ग्रॅम आणि १ किलो, हेरॉइनसाठी ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, कोकेनसाठी २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम. मुंबई-पुण्याच्या पोलिस कारवायांत सतत दिसणारा ‘एमडी’, म्हणजे मेफेड्रोन, २०१५ साली कायद्याच्या यादीत आला. त्याची अल्प मात्रा २ ग्रॅम आणि व्यापारी मात्रा ५० ग्रॅम आहे. अल्प मात्रेसाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन आकड्यांच्या मधल्या मात्रेला कायद्याने वेगळे नाव दिलेले नाही. तिथे शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि दंड एक लाखापर्यंत. व्यापारी मात्रेला किमान दहा आणि कमाल वीस वर्षे, शिवाय एक ते दोन लाख दंड. कारणे नोंदवून न्यायालय त्याहून अधिक दंडही करू शकते. मधल्या मात्रेत न्यायाधीश माणूस पाहून दोन वर्षे देऊ शकतो, सात देऊ शकतो. व्यापारी मात्रा सिद्ध झाली की दहाच्या खाली यायला त्याला वाव उरत नाही. शिवाय व्यापारी मात्रा म्हणजे ठरलेल्या आकड्यापेक्षा ‘जास्त’ मात्रा. म्हणून नेमका २० किलो गांजा व्यापारी मात्रेत येत नाही; त्याच्या वर गेला की येतो.

गांजाचे झाड लावणे ही वेगळी गोष्ट आहे. तिथे मात्रेचा प्रश्नच नाही, एका झाडालाही दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. शेतात तुरीच्या आड लावलेल्या झाडांच्या बातम्या वाचताना हा फरक सहसा कळत नाही.

मात्रेचा पहिला आणि सर्वांत जड परिणाम जामिनावर होतो. व्यापारी मात्रा असेल तर कलम ३७ लागू होते. सरकारी वकिलाला विरोध करण्याची संधी द्यावीच लागते, आणि त्याने विरोध केला तर न्यायालयाला दोन गोष्टींची खात्री पटावी लागते : आरोपी दोषी नाही असे मानायला वाजवी कारण आहे, आणि जामिनावर असताना तो पुन्हा गुन्हा करण्याचा संभव नाही. खटला उभा राहण्याआधीच निर्दोषत्वाच्या जवळ जाणारे मत बनवायला सांगणारी ही कसोटी फार अवघड आहे. अमली पदार्थांच्या व्यापाराला पैसा पुरवणे किंवा आरोपींना आसरा देणे (कलम २७अ) यांनाही हेच कलम लागू होते, तिथे मात्रा पाहिली जात नाही. म्हणूनच थोडा माल सापडलेल्या प्रकरणांतही तपास यंत्रणा २७अ लावण्याचा आग्रह धरते. दुसरा परिणाम मुदतीचा आहे. व्यापारी मात्रेत दोषारोपपत्रासाठी १८० दिवस मिळतात आणि सरकारी वकिलाच्या अहवालावर ते एक वर्षापर्यंत वाढवता येतात. मधल्या व अल्प मात्रेत सर्वसाधारण फौजदारी प्रक्रियेची कितीतरी लहान मुदत चालते. ती उलटून गेली तर आरोपीला जामीन हक्काने मिळतो.

मग मोजायचे नेमके काय? यावरच सर्वांत मोठा वाद झाला. रस्त्यावर येणारे हेरॉइन क्वचितच शुद्ध असते. त्यात भेसळ असते. ई. मायकेल राज प्रकरणात (२००८) जवळपास चार किलो माल जप्त झाला होता, पण त्यात हेरॉइनचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास, म्हणजे साठेक ग्रॅम निघाले. सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध अंशच मोजायचा असे ठरवले आणि प्रकरण व्यापारी मात्रेतून खाली आले. केंद्र सरकारने १८ नोव्हेंबर २००९ ला अधिसूचनेत टीप जोडून संपूर्ण मिश्रण मोजायला सांगितले. त्या टिपेच्या वैधतेचा वाद हिरा सिंग प्रकरणात तीन न्यायाधीशांपुढे गेला. २२ एप्रिल २०२० च्या निकालाने मायकेल राजचा निर्णय रद्द ठरला. आता अमली पदार्थ आणि त्यात मिसळलेला निष्क्रिय पदार्थ दोन्ही एकत्र मोजले जातात. भेसळ केलेला मालच विकला जातो आणि त्यानेच माणसे मरतात, हे न्यायालयाचे कारण समजण्यासारखे आहे. पण याचा फटका ज्याला बसतो तो बहुधा साखळीतला शेवटचा माणूस असतो. वरचा विक्रेता थोडा शुद्ध माल बाळगतो आणि कमी मात्रेत राहतो. त्याच मालात पावडर घालून विकणारा जास्त मात्रेत जातो. हा विपर्यास कायद्यात अजून कायम आहे.

एलएसडीच्या कागदाचा प्रश्नही असाच. एलएसडीची व्यापारी मात्रा अवघी ०.१ ग्रॅम आहे. कागदाच्या छोट्या तुकड्यावर थेंबभर द्रव्य असते, आणि कागद मोजला तर मोजक्या तुकड्यांनीच आकडा ओलांडला जातो. मुंबई उच्च न्यायालयात यावर आधी कागद वगळण्याचा आणि नंतर तो मोजण्याचा असे दोन्ही निर्णय झाले आहेत.

गांजाचे उत्तर मात्र कायद्याच्या व्याख्येतच आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. बिया आणि पाने शेंड्यांसोबत नसतील तर ती वगळली जातात. पोलिस मात्र गोणी उचलतात आणि काट्यावर ठेवतात. पंचनाम्यात ‘हिरवट, उग्र वासाचा पाला, देठ व बियांसह’ असे लिहिले जाते आणि पुढे २२ किलो असा आकडा येतो. शेंडे किती, नुसती पाने किती, काड्या किती, याची नोंद नसते. माल ओला असेल तर पाण्याचेही वजन त्यातच. अशा नोंदींवर मुंबई उच्च न्यायालयाने अनेक आदेशांत जामीन दिला आहे, कारण व्यापारी मात्रा आहे असे पहिल्या नजरेत म्हणता येत नाही.

हे सगळे एकत्र कसे चालते, ते एका काल्पनिक पण रोजच्या धाटणीच्या प्रकरणात पाहू. पुण्यात दुचाकीवरच्या एका तरुणाच्या पॅन्टच्या खिशात झिपची प्लास्टिक पिशवी सापडते. आत पांढरी पावडर, काट्यावर ५४ ग्रॅम. पंचनाम्यात ‘५४ ग्रॅम एमडी’ अशी नोंद होते आणि त्या एका आकड्यावर आरोपी किमान दहा वर्षांच्या शिक्षेच्या आणि कलम ३७ च्या कचाट्यात येतो. वकील पहिला प्रश्न विचारतो की वजन पिशवीसह आहे का? पिशवी मिश्रणाचा भाग नसते, तिचे वजन वजा करावेच लागते. ती सहा ग्रॅमची निघाली तर माल ४८ ग्रॅम उरतो, मधली मात्रा, आणि कलम ३७ सुटते. दुसरा प्रश्न अंगझडतीचा. कलम ५० नुसार राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती देण्याचा हक्क आहे, हे आरोपीला आधी सांगितले होते का? तिसरा नमुन्याचा. कलम ५२अ प्रमाणे मालाची यादी आणि नमुने दंडाधिकाऱ्यासमोर व्हायला हवेत. माल पाच पुड्यांत असेल आणि पोलिसांनी त्या आधी एकत्र ओतून एकच नमुना पाठवला असेल, तर प्रत्येक पुडीत एमडीच होते हे प्रयोगशाळेचा अहवाल सांगू शकत नाही. एका पुडीत साधी साखर असू शकली असती, आणि तेवढ्याने एकूण आकडा पन्नासच्या खाली येऊ शकला असता. मागे बसलेल्या मित्राच्या खिशात चार ग्रॅम सापडले, तर दोघांचे वजन आपोआप जोडता येत नाही. त्यासाठी कलम २९ खालचा कट दाखवावा लागतो.

अल्प मात्रेत परिस्थिती सोपी असेल असे वाटते, पण तीही वादग्रस्त आहे. शिक्षा तेव्हा सहा महिन्यांपर्यंतच असल्याने गुन्हा जामीनपात्र आहे असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये मानले होते. ऑक्टोबर २०२० मध्ये अभिनेत्री रिया चक्रवर्ती यांना जामीन देतानाच त्याच न्यायालयाने या कायद्यातले सर्व गुन्हे अजामीनपात्र असल्याचे म्हटले. म्हणजे अल्प मात्रेतही जामीन पोलिस ठाण्यात हक्काने न मागता न्यायालयाकडून घ्यावा लागतो. तो सहसा मिळतो, पण तोवर काही दिवस कोठडीत जातात. कलम ६४अ मध्ये एक दार उघडे आहे. अल्प मात्रा बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही मुभा काढून घेता येते. या तरतुदीचा वापर फार कमी वकील सुचवतात, आणि जे कुटुंब मुलासाठी धावपळ करते त्याला ती बहुधा ठाऊकच नसते.

व्यापारी मात्रेत जामीन मिळण्याचा आणखी एक मार्ग अलीकडच्या निकालांनी रुंद केला आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद मुस्लीम प्रकरणात म्हटले की कलम ३७ चा शब्दशः अर्थ घेतला तर कोणालाच जामीन मिळणार नाही. खटला रेंगाळत असेल आणि आरोपी अनेक वर्षे तुरुंगात असेल, तर घटनेच्या अनुच्छेद २१ मधला स्वातंत्र्याचा हक्क वजनदार ठरतो. तेव्हा असा अर्ज करताना पंचनाम्यासोबत खटल्याचा रोजनामा जोडावा लागतो. किती साक्षीदार यादीत आहेत, त्यातले किती तपासले गेले आणि तारखा कोणामुळे पुढे गेल्या, हे त्यातूनच न्यायालयाला दिसते. विलंब आरोपीच्या बाजूने झालेला असेल, तर हा आधार टिकत नाही.