घनलोटन

घनलोटन : चौरस घरांच्या पटावर ठेवलेला घन तळाच्या एखाद्या कडेवरून शेजारच्या घरात उलथवीत नेणे आणि प्रत्येक उलथीनंतर माथ्यावर येणाऱ्या पृष्ठाचा हिशेब राखणे. ज्या फाशाच्या समोरासमोरच्या पृष्ठांची बेरीज ७ भरते, तो माथ्यावर १, उत्तरेस २ व पूर्वेस ३ असा मांडून पूर्वेकडे उलथविला असता पश्चिमेचा ४ माथ्यावर चढतो, माथ्याचा १ पूर्वेस उतरतो आणि उत्तर-दक्षिणेची पृष्ठे आपापली दिशा सोडीत नाहीत. पुढे उत्तर, पश्चिम, दक्षिण या क्रमाने मूळ घरी परतेपर्यंत माथ्यावर अनुक्रमे ५, १, ४ येतात. घर तेच, परंतु माथा निराळा. हीच फेरी एकूण तीनदा केल्यास मात्र मूळ स्थिती पुनः प्राप्त होते.

घनाच्या एकंदर २४ स्थितींपैकी मूळ घरी केवळ १२ संभवतात. कारण प्रत्येक उलथीने घनाच्या चार मुख्य कर्णांचा विषम क्रमबदल होतो, आणि परतण्यास उलथ्या समसंख्यच लागतात. म्हणून त्या घरी १ माथ्यावर असता २ उत्तरेस किंवा दक्षिणेसच असावयाचा. तो पूर्वेस वा पश्चिमेस आढळल्यास नोंदीत चूक झाली, असे निश्चित समजावे.