हेलियमचं कोडं आणि अंदाजाची ताकद

हायड्रोजनच्या अणूत एकच इलेक्ट्रॉन. त्याची ऊर्जा नील्स बोर यांनी १९१३ मध्ये बरोबर काढली. पुढचा अणू हेलियम, त्यात इलेक्ट्रॉन दोन. तिथे जुना सिद्धांत अडकला. १९२३ मध्ये क्रामर्स यांनी मोठ्या मेहनतीने हिशेब मांडला, पण आलेला आकडा प्रयोगाशी जुळेना. १९२६ मध्ये श्रोडिंगर यांचं समीकरण आलं, तरी अडचण उरलीच. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, त्यामुळे ते समीकरण थेट सुटत नाही.

तोडगा मात्र जुनाच होता. वाल्टर रिट्झ हा स्विस गणिती १९०९ मध्ये गॉटिंगेनला अवघ्या ३१व्या वर्षी वारला. कंप पावणाऱ्या पट्ट्यांसाठी त्याने एक रीत मांडून ठेवली होती: उत्तर ठाऊक नसेल तर उत्तरासारखं दिसणारं एक फलन अंदाजाने घ्यायचं, त्यात एकदोन आकडे मोकळे ठेवायचे आणि ऊर्जा सर्वांत कमी होईपर्यंत ते फिरवायचे. अणूच्या बाबतीत या अंदाजी फलनाला ट्रायल वेव्ह फंक्शन म्हणतात.

सर्वांत कमीच का? कुठलंही अंदाजी फलन म्हणजे अणूच्या खऱ्या अवस्थांचं मिश्रण असतं, आणि त्याची ऊर्जा ही त्या अवस्थांच्या ऊर्जांची सरासरी. सरासरी कधी सर्वांत लहान आकड्याच्या खाली जात नाही. म्हणजे अंदाज कितीही चुकला तरी उत्तर खऱ्या मूलावस्थेच्या वरच राहणार. खाली गेलं तर समजावं, हिशेबात गफलत आहे किंवा समीकरणात काही धरायचं राहिलं आहे.

आता हेलियम घेऊ. त्याचे दोन्ही इलेक्ट्रॉन काढून घ्यायला सुमारे ७९.० इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात; म्हणजे गाठायचा आकडा उणे ७९.०. अंदाज असा, की दोन्ही इलेक्ट्रॉन हायड्रोजनसारखेच फिरतात, फक्त त्यांना जाणवणारा केंद्राचा भार २ नसून Z आहे. कारण एक इलेक्ट्रॉन दुसऱ्यापासून केंद्राला थोडं झाकतो. २७.२ इलेक्ट्रॉन व्होल्टचं एक माप धरलं तर गतीची ऊर्जा Z², केंद्राची ओढ उणे ४Z आणि आपसातली ढकल ५/८ Z येते. बेरीज:

E = Z² − (27/8) Z

झाकणं विसरून Z = २ ठेवा: उणे २.७५, म्हणजे उणे ७४.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट. Z = १.५ ठेवा: उणे ७६.५. सर्वांत खालचा बिंदू Z = २७/१६, म्हणजे जवळपास १.६९ ला येतो; तिथे ऊर्जा उणे ७७.५. एकच आकडा फिरवून चूक दीड इलेक्ट्रॉन व्होल्टवर आली. केल्नर यांनी १९२७ मध्ये याच वाटेने हिशेब केला.

पण Z आणखी फिरवून या फलनातून काही निघणार नव्हतं. एक इलेक्ट्रॉन इथे असेल तर दुसरा त्याच्यापासून दूर राहणं पसंत करेल, हे त्या फलनाला ठाऊकच नव्हतं. मॅक्स बॉर्न यांनी गॉटिंगेनमध्ये एगिल हिलेरास या नॉर्वेजियन तरुणाला हा प्रश्न दिला. हिलेरास हिशेबाचं यंत्र घेऊन बसला. फलनात पदं वाढवत गेला, पण प्रगती मंद होती. १९२९ मध्ये त्याने दोन इलेक्ट्रॉनांमधलं अंतरच सरळ फलनात घातलं. अवघ्या तीन मोकळ्या आकड्यांत उत्तर उणे ७८.९८ वर आलं. माझ्या मते या इतिहासातला खरा क्षण हाच. यंत्र तेच होतं, अंदाज बदलला.

या रीतीचा एक धोका आहे, आणि तो हायड्रोजनच्या ऋण आयनात उघडा पडतो. एक प्रोटॉन, दोन इलेक्ट्रॉन. हायड्रोजनची स्वतःची ऊर्जा उणे १३.६, आयन टिकायचा तर त्याची ऊर्जा याहून खाली हवी. वरचाच सोपा अंदाज इथे लावला तर Z = ११/१६ येतो आणि ऊर्जा उणे १२.९. म्हणजे आयन टिकतच नाही? तसं म्हणता येत नाही. उत्तर नेहमी वरच्या बाजूला येतं, त्यामुळे वर आलेला आकडा ‘नाही’ सिद्ध करत नाही. खाली आलेला आकडा मात्र ‘आहे’ हे पक्कं सिद्ध करतो. बेथे यांनी १९२९ मध्ये हिलेराससारखं फलन वापरून तसं दाखवलंही.

१९३९ मध्ये रुपर्ट विल्ट यांनी सुचवलं, की सूर्याच्या पृष्ठभागावरचा प्रकाश अडवतो तो हाच आयन. त्यामुळे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४४ मध्ये तो पुन्हा हिशेबात घेतला. त्यांनी दोन इलेक्ट्रॉनांना एकच भार न देता वेगवेगळे दिले आणि कोणता इलेक्ट्रॉन कोणता हे अदलाबदल करून जोडलं. सर्वांत कमी ऊर्जा आली तेव्हा एकाचा भार होता १.०४ आणि दुसऱ्याचा ०.२८. एक केंद्राला बिलगलेला, दुसरा दूर सैल घुटमळणारा. ऊर्जा उणे १३.९७, म्हणजे हायड्रोजनपेक्षा ०.३६ ने खाली. मोजलेली पकड ०.७५ आहे, म्हणजे निम्मी अजून हाती यायची होती; पण आयन टिकतो हे तेवढ्या साध्या फलनानेही ठरलं.