स्टीम क्लीनर
वाफेने घरातील पृष्ठभाग साफ करणारे विद्युत उपकरण. बंद टाकीत पाणी उकळते आणि दाबाखालची वाफ नळीच्या तोंडातून बाहेर पडते. गार पृष्ठभागावर तिचे पाणी होताना सुप्त उष्णता मोकळी होते व तेलकट थर सैल पडतो. सुटलेला मळ लगेच कापडाने पुसावा लागतो. गार झाल्यावर तो पुन्हा चिकटतो. ओट्यामागच्या सिरॅमिक टाइल्स व स्टीलचे सिंक यांना वाफ मानवते. लॅमिनेट फरशीच्या सांध्यांत मात्र ती शिरली, तर आतली लाकडी लगद्याची फळी फुगते, कडा उचलल्या जातात आणि वाळल्यावरही फरशी पूर्ववत सपाट होत नाही. थंड काच तापमानातील अचानक फरकाने तडकू शकते; मेणाची झिलई वितळून निस्तेज होते.